पिशवी बदलली, त्याची गोष्ट: हळदीच्या रात्रीचं साडेतीन मिनिटांचं भाषण

मागच्या सीझनला माझ्या शाळेतल्या मित्राचं लग्न झालं आणि दोघांची ओळख मी करून दिलेली म्हणून माईक माझ्याच हातात आला. "दोघं कसे भेटले ते तू सांग, तुझ्याशिवाय कुणाला माहितीय बे", असं नवरदेवानं पंधरा दिवस आधी फोनवर सांगितलं आणि ठेवला फोन. मला वाटलं दहा मिनिटांचं काम आहे, गोष्ट तर तोंडपाठ आहे. प्रत्यक्षात ते लिहायला तीन रात्री गेल्या, आणि त्यातला निम्म्याहून जास्त वेळ लिहिण्यात नाही तर खोडण्यात गेला. ते कसं झालं तेच लिहितोय. नावं देत नाही, नवरदेव आणि नवरी एवढंच म्हणतो, सोलापूर एवढंसं गाव आहे, इथं आडनाव सांगितलं की पेठ कळते आणि पेठ सांगितली की घर.

आधी खरी गोष्ट सांगतो, म्हणजे जी भाषणात पूर्ण नव्हती ती.

मी एका सीएच्या ऑफिसात अकाउंट्स बघतो. नवरी तिथंच दोन वर्षं माझ्या शेजारच्या टेबलवर होती, नंतर पुण्याला नोकरी लागली म्हणून गेली. नवरदेव पण पुण्यात, पण तो दर शनिवारी घरी येणार आणि सोमवारी पहाटेच्या हुतात्मा एक्सप्रेसनं परत जाणार, ह्यात आजपर्यंत बदल नाही. एका रविवारी नवरीचा माझ्या आईला फोन आला, असाच, खुशालीचा, आणि बोलता बोलता ती म्हणाली काकू इथं सगळं मिळतंय पण कडक भाकरी मिळत नाही, मिळाली तर ती नुसती वाळलेली असते, कडक नसते. झालं. आईनं त्याच दिवशी पंचवीस कडक भाकऱ्या आणि अर्धा किलो शेंगाची चटणी पिशवीत भरली आणि मला म्हणाली, तुझा तो मित्र जातोय की उद्या, दे त्याच्याकडं.

आता पिशवी कुठली, तर माझ्या भावाच्या लग्नात आम्ही पाहुण्यांना वाटलेली कापडी पिशवी, त्यावर चिरंजीव अमुक आणि चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी तमुक असं छापलेलं. ती पिशवी त्या लग्नाला आलेल्या प्रत्येक घरात होती, म्हणजे नवरदेवाच्या घरात पण. आणि नवरदेवाच्या आईनं त्याच पिशवीत त्याचे धुऊन इस्त्री केलेले चार शर्ट घातलेले. हा पठ्ठ्या आठवड्याचे कपडे सोलापुरात आणून आईकडून धुऊन नेत होता. सकाळी सहा वाजता अंधारात मी त्याला स्कूटरवर स्टेशनला सोडलं, दोन्ही पिशव्या माझ्या पायाशी होत्या, प्लॅटफॉर्मवर देताना मी म्हणालो "ही तिची आणि ही तुझी", आणि तिथंच उलटं झालं.

पुण्यात स्टेशनवर ती येऊन पिशवी घेऊन गेली, दोघांत एवढंच बोलणं झालं की "तुम्हीच का" आणि "हो". घरी जाऊन उघडली तर आत चार शर्ट. इकडं नवरदेवाच्या रूमवर पोरांनी पिशवी उघडली, आईनं दिलं असेल म्हणून अकरा भाकऱ्या संपवल्या, चटणी अर्धी. मग संध्याकाळी मला दोघांचे फोन. मी दोघांना एकमेकांचे नंबर दिले, बघून घ्या म्हणालो. तीच ओळख. त्यात माझी बुद्धी काही नव्हती, नंतर मी लई वर्षं "मीच जुळवलं" म्हणून मिरवलं ते सोडा.

ही झाली मजेची बाजू. आता ह्या गोष्टीच्या आत काय काय पुरलेलं होतं ते बघा. ही भेट झाली त्याच्या आठ महिने आधी नवरीचा दुसरीकडं झालेला साखरपुडा मोडलेला होता. तो मुलगा तिच्याच पुण्यातल्या ऑफिसातला, आणि त्याचे दोन नातेवाईक ह्या लग्नाला पण येणार होते, कारण दोन्ही घरं एकाच समाजातली, एकमेकांना टाळून कुठं जाणार. दुसरं, भेट झाल्यापासून घरी सांगेपर्यंत दोघांनी दीड वर्ष घालवलं होतं आणि ते दीड वर्ष तिच्या घरी कुणालाच माहीत नव्हतं. तिसरं, तिच्या मामांची ठाम समजूत होती की स्थळ त्यांनी आणलं. तसं बघितलं तर आणलंच होतं, म्हणजे नवरीनं मामेबहिणीच्या कानात घातलं, तिनं मामांच्या, आणि मामांनी दोन्ही घरी बैठका केल्या, चपला झिजवल्या. चौथं म्हणजे त्याच्या घरी कन्नड बोलतात, तिच्या घरी तेलुगू, आणि दोन्हीकडचे म्हातारे तयार व्हायला जे काही झालं ते झालं.

माझा पहिला मसुदा आठशे शब्दांचा होता, वाचायला सात मिनिटं. बायकोला वाचून दाखवला, ती हसली पण. मग तिनं एकच प्रश्न विचारला, "ह्यात तू दिवाळीच्या नंतरचं असं लिहिलंयस, कुठली दिवाळी?" मी वर्ष सांगितलं. ती म्हणाली, "मग तिचा साखरपुडा मोडला कधी?" आणि मी गप्प.

हेच मला आधी कळलं नव्हतं. आपण समजतो की लाज आणणारी गोष्ट म्हणजे एखादा चावट जोक, जुनं प्रेम, शाळेतलं टोपणनाव, ते नाही सांगितलं की झालं. पण लग्नातली माणसं जोक ऐकत नाहीत, हिशोब करतात. कुठल्या वर्षी भेटले, लग्न कधी ठरलं, मधले दिवस कुठं गेले, काकूंच्या बोटांवर हे सगळं पाच सेकंदात होतं. म्हणून मी मसुदा परत घेतला आणि त्यातल्या काळ सांगणाऱ्या प्रत्येक शब्दाखाली लाल रेघ मारली. सण, महिना, "तेव्हा तिची नवीन नोकरी होती", "तीन वर्षांपूर्वी", "लॉकडाऊननंतर", असे अकरा शब्द निघाले. सगळे काढले. गंमत म्हणजे गोष्ट त्यानं काहीच कमी झाली नाही. भाकरी तीच, पिशवी तीच.

"ती त्या दिवसांत जरा शांत शांत असायची" असं पण एक वाक्य होतं, मला ते लई आवडलेलं, भावूक वगैरे. पण ज्याला साखरपुड्याचं माहितीय त्याला ते वाक्य बोटच दाखवतंय, आणि ज्याला माहीत नाही तो विचारणार का बरं शांत होती. ते गेलं. "दोन्ही घरच्यांनी शेवटी मोठं मन केलं" हे पण गेलं, कारण मोठं मन केलं म्हटलं की आधी ते लहान होतं हे आलंच.

मग मी दोघांना विचारलं, आणि इथं पण मी आधी चूक केली. व्हिडिओ कॉलवर दोघांना एकत्र विचारलं, "काय काय सांगू?" दोघं म्हणाले "काही पण सांग रे, आपलंच लग्न आहे." एकमेकांसमोर कोण नाही म्हणणार, नाही म्हटलं की समोरच्याला वाटणार हिला अजून ते लागतंय. दोन दिवसांनी वेगवेगळा फोन केला आणि प्रश्न बदलला. काय सांगू असं विचारलंच नाही, "हॉलमधल्या कुणाला काय कळायला नको" असं विचारलं. नवरी लगेच म्हणाली, पुण्यातल्या ऑफिसचं नाव नको, कंपनी म्हटलं तरी नको. मला वाटलंच होतं. पण दुसरी गोष्ट ती म्हणाली ती माझ्या डोक्यातच आली नव्हती. ती म्हणाली, "शर्टांचं नको."

मी म्हणालो अगं तोच तर जोक आहे, आणि त्याच्यावर आहे, तुझ्यावर नाही. नवरदेवाला चालणार होतं, त्याच्या आईला पण मी विचारलेलं, त्या म्हणाल्या सांग की, त्यात काय, माझं पोर आहे. नवरी म्हणाली, "दादा, त्याच्यावर हसतील दोन मिनिटं. आणि दुसऱ्या दिवसापासून मला विचारतील, आता कपडे कोण धुतंय म्हणून. वर्षभर विचारतील."

बरोबर होतं तिचं. शर्ट काढले. आता प्रश्न असा की शर्ट काढले तर पिशवी बदलल्याची मजा कशात? तिच्या हातात काय आलं हे सांगायलाच लागणार. खोटं मला सांगायचं नव्हतं, पुस्तकं होती किंवा फाईल होती असं, कारण रूमवरची ती भाकऱ्या खाणारी दोन पोरं हॉलमध्ये असणार, ती तिथंच ओरडणार. मग मी "त्याचं सामान" एवढंच ठेवलं आणि सगळा भार भाकऱ्यांवर आणि माझ्यावर टाकला. पिशव्या उलट्या दिल्या त्या मीच की. वेंधळा मी ठरलो तर कुणाचंच काही जात नाही.

मामांचा प्रश्न एका वाक्यात सुटला आणि ते वाक्य मला स्कूटरवर, सात रस्त्याच्या सिग्नलला सुचलं. ओळख आणि लग्न ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ओळख माझ्याकडून झाली, लग्न मामांनी जमवलं. दोन्ही शंभर टक्के खरं. मधलं दीड वर्ष त्या दोन वाक्यांच्या मधल्या फटीत आरामात बसतं.

वेळेचं पण सांगतो, कारण बऱ्याच जणांचं भाषण तिथंच मरतं. आधी मला रिसेप्शनला बोलायला सांगितलेलं. रिसेप्शनला स्टेजवर फोटोची रांग असते, खाली पंगत, डीजे मागं चालूच, तिथं कोण ऐकतंय. शिवाय नवरा-नवरी दर वीस सेकंदाला नवीन माणसाशी हसत असतात, त्यांना स्वतःलाच ऐकू येत नाही. आमच्याकडं अक्षता दुसऱ्या दिवशी दुपारी बारा पस्तीसला होत्या, त्या आधी तर भटजी आणि फोटोग्राफर ह्यांच्यापुढं कुणाचंच चालत नाही. म्हणून मी आदल्या रात्रीची वेळ मागून घेतली. हळद झालेली, सगळे हातपाय धुऊन बसलेले, जेवणाला अजून पंधरा मिनिटं, दीडशेक माणूस. डीजेवाल्याला जाऊन सांगितलं की माझं होईपर्यंत नुसतं बंद ठेव, मागं हळू म्युझिक पण नको. म्युझिक मागं असलं की माणूस आपोआप मोठ्यानं बोलतो आणि मोठ्यानं बोललं की साधं वाक्य पण टोमण्यासारखं वाटतं.

बोललो ते असं होतं, व्हिडिओवरनं उतरवून घेतलंय:

"नमस्कार. मी नवरदेवाचा शाळेतला मित्र आणि नवरीचा जुना शेजारी, म्हणजे टेबलाचा शेजारी. मला सांगितलंय की हे दोघं कसे भेटले ते सांग. खरं सांगायचं तर ते माझ्या चुकीमुळं भेटले.

माझ्या आईनं नवरीसाठी पंचवीस कडक भाकऱ्या आणि शेंगाची चटणी दिलेली. पिशवी पुण्याला न्यायची होती आणि सोलापुरातनं पुण्याला पिशवी न्यायची म्हटलं की आपल्याकडं कुरिअर एकच, हुतात्मा एक्सप्रेस. नवरदेव त्या गाडीनं जाणार होते. माझ्या भावाच्या लग्नातली पिशवी तुम्हा सगळ्यांच्या घरी आहे, मला माहितीय, तुम्ही अजून त्यातनं भाजी आणता. तशीच पिशवी नवरदेवांकडं पण होती. पहाटेचा अंधार, मी अकाउंटवाला माणूस, जमा कुठलं आणि नावे कुठलं ह्यात माझी आयुष्यात एकदाच चूक झाली आणि ती त्या दिवशी झाली.

नवरीच्या हातात गेलं नवरदेवांचं सामान. आणि नवरदेवांच्या रूमवर गेल्या भाकऱ्या. तिथं दोन मित्र राहायचे, ते आज इथं बसलेत, जेवायला पुढच्या ओळीत. संध्याकाळपर्यंत अकरा भाकऱ्या संपल्या.

मला फोन आला. मी म्हणालो तुम्ही दोघं बघून घ्या. नवरदेवांनी चौदा भाकऱ्या परत नेऊन दिल्या. नवरीनं मोजल्या. म्हणाली पंचवीस होत्या. तो म्हणाला उरलेल्या अकरा मी देणं लागतो. मला वाटतं ते देणं अजून चालू आहे.

माझं काम तिथंच संपलं. मी फक्त पिशवी चुकवली. ओळख माझ्या वेंधळेपणानं झाली, पण लग्न जमवलं ते मामांनी. दोन्ही घरी जाऊन, बसून, बोलून. मामा, तुम्ही पिशवी बरोबर पोचवलीत.

आता जास्त बोलत नाही, जेवण तयार आहे. सगळ्यांनी जेवून जावा. ऊटा माडकोंड होग्री. भोंचेसि वेळ्ळंडि."

एवढंच. हशासकट साडेतीन मिनिटं. पिशवी बरोबर पोचवल्याचं वाक्य झाल्यावर मामा उभे राहिले आणि फेटा सावरला, आता उभं राहायचं काही कारण नव्हतं. शेवटची दोन वाक्यं मी ऑफिसातल्या दोघांकडून घोटून घेतलेली, तरी नवरीच्या आजीनं माझं तेलुगू तिथल्या तिथं दुरुस्त केलं आणि मग सगळ्यांना तेच लक्षात राहिलं. भाषा वेगळी असण्यावर एक शब्द मी बोललो नव्हतो, फक्त तिन्हीत जेवायला बोलावलं. कन्नडवाल्या बाजूनं पण "होग्री नाही, बर्री म्हणावं, पाहुण्याला जावा कशाला म्हणतोस" असा आवाज आला, म्हणजे दोन्हीकडनं मार्क कापले गेले.

पण सगळं सुरळीत झालं असं नाही. तीन ठिकाणी तंतरली.

पहिलं, मागनं कुणीतरी नवरदेवाचं शाळेतलं नाव ओरडलं. ते नाव मी इथं पण लिहीत नाही. मी तिकडं बघितलंच नाही, बघितलं असतं तर पुढचं वाक्य त्यानंच ओरडलं असतं. दोन सेकंद थांबलो आणि भाकरीवर गेलो.

दुसरं, भाषण संपल्यावर अँकर पोरगं उत्साहात माईक घेऊन पुढं आलं आणि म्हणालं, "सर, मग हे किती वर्षांपासून चालू होतं, ते पण सांगा की!" मी ह्याची तयारी केलेलीच नव्हती. सगळ्या मसुद्यातनं वर्षं खोडली आणि अँकरला सांगायचं राहिलं. स्टेजवर नवरीचा चेहरा कसा झाला ते मला दिसलं, हसत होती पण हातातला रुमाल घट्ट पिळत होती. मी म्हणालो, "दादा, मला पंचवीस भाकऱ्यांचा हिशोब लागला नाही, वर्षांचा काय लागणार." लोक हसले आणि मी त्याच्या हातातनं माईक घेऊन बंद करूनच परत दिला. आता कुणी विचारलं तर मी आधी हेच सांगतो, भाषण नंतर लिहा, अँकरला आधी भेटा, आणि त्याला काय विचारायचं नाही ते स्पष्ट सांगा, कारण त्याला प्रत्येक लग्नात तोच प्रश्न विचारायची सवय असते.

तिसरं पूर्णपणे माझं. लिहिलेलं नव्हतं ते बोललो. वरच्या मजकुरात तुम्हाला ते दिसणार नाही, उतरवताना मीच गाळलं, नवरीच्या सांगण्यावरनं व्हिडिओतनं पण ते कापलंय. पहाटेचा अंधार म्हटल्यावर माझ्या तोंडातनं गेलं, "गड्डा नुकताच संपलेला, थंडी मरणाची". अकरा शब्द शोधून शोधून काढले आणि बारावा तिथं उभा राहून घातला. सोलापुरात गड्डा म्हणजे जानेवारी, संक्रांतीची सिद्धेश्वरची यात्रा, महिना सांगितल्यातच जमा. त्या क्षणी कुणाच्या लक्षात आलं नाही असं मला वाटलं. पण जेवताना मी बुंदी घ्यायला गेलो तर नवरीच्या काकू माझ्या शेजारी. बोटं चालूच होती. "कुठला रे गड्डा? गेल्या सालचा का त्याच्या आधीचा?"

मला काही सुचेना. नुसता ताट धरून उभा. पलीकडनं नवरीच्या आईनं काकूंच्या ताटात बुंदी वाढली, वर अजून एक डाव वाढली आणि म्हणाल्या, "गड्डा दरसाल असतोय की जाऊबाई, तुम्ही जेवा आधी."